पाच छायाचित्रांत मालकाला काय दिसले पाहिजे?

प्रश्न : मी नाशिकमध्ये राहतो. बरीच वर्षे लग्नसमारंभांची छायाचित्रे काढली. आता खाद्यपदार्थ आणि दुकानांतला माल यांच्या छायाचित्रणाकडे वळायचे आहे. एका मिसळीच्या हॉटेलच्या मालकांनी आणि येवल्याच्या एका पैठणी विक्रेत्यांनी ‘पाच नमुने पाठवा, बघतो’ असे सांगितले आहे. माझ्याकडे साठेक चांगले फोटो आहेत. पण बहुतेक घरीच, काळ्या पाटीवर, वरून काढलेले. नाव सांगावे असा एकही ग्राहक अजून नाही. मित्र म्हणतात, इन्स्टाग्रामवर सर्वाधिक पसंती मिळालेले पाच पाठव. बायको म्हणते, दोघांना एकच संच पाठवू नकोस. लग्नाचा एखादा उत्तम फोटो त्यांत घालावा का? पाहण्यासाठी तीन फोटो जोडले आहेत.
— एक छायाचित्रकार, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. आधी मित्रांच्या सल्ल्याचा विचार करू, कारण तो सल्ला वरवर पाहता अगदी रास्त वाटतो. ज्यांनी इन्स्टाग्रामवर तुमच्या छायाचित्रांना पसंती दिली, त्यांना त्या छायाचित्राचे पुढे काहीच करायचे नव्हते. हॉटेलमालकाला मात्र ते मेनूकार्डावर छापायचे असते, घरपोच सेवेच्या ॲपवर चढवायचे असते, दारातल्या फलकावर लावायचे असते आणि ते पाहून आलेल्या गिऱ्हाईकासमोर तोच पदार्थ ठेवायचा असतो. म्हणून तो छायाचित्राला दाद देत बसत नाही; हा माणूस आपल्याकडे आला तर आपल्याला काय मिळेल, याचा अंदाज बांधत असतो.

तुम्ही जोडलेले पहिलेच छायाचित्र घ्या. काळी पाटी, काळी मातीची वाटी, बरोबर वरून पाहिलेली मिसळ, भोवती विखुरलेल्या सुक्या लाल मिरच्या आणि कोपऱ्यात तांब्याचे भांडे. रचना नेटकी आहे, प्रकाशही हळुवार आहे. पण मिसळीच्या हॉटेलचे शेठ ते पाहतील तेव्हा त्यांच्या मनात येईल ते असे, की आमच्याकडे मिसळ स्टीलच्या ताटात येते, बाजूला रश्श्याची वेगळी वाटी असते, पापड असतो, दही असते, कांदा-लिंबू असते, टेबलावर सनमायका असतो. या मुलाला आमच्या ताटाचे काय करता येईल? तुमच्या छायाचित्रात त्याचे उत्तर नाही. उलट त्यांचे ताट, त्यांचे टेबल आणि त्यांची जागा तुम्हाला चालणार नाही, अशी शंका मात्र उभी राहते. साठांपैकी पन्नास छायाचित्रे याच प्रकारची असतील, तर त्यांतली कोणतीही पाच निवडली तरी मालकाच्या दृष्टीने तुम्ही एकच छायाचित्र पाच वेळा पाठवले असे होईल.

पाच हा आकडा अपुरा आहे, असे तुमच्या पत्रातून जाणवते. मला तो पुरेसा वाटतो. मात्र त्यातल्या प्रत्येक छायाचित्राला वेगळे काम सोपवले पाहिजे. पाच वेगवेगळे पदार्थ दाखवणे निराळे आणि पाच वेगवेगळ्या गरजा भागवता येतात हे दाखवणे निराळे. मिसळीच्या हॉटेलासाठी हे कसे करता येईल, ते जरा तपशिलात पाहू. मग पैठणीकडे वळू.

पहिले छायाचित्र त्यांच्या मुख्य पदार्थाचे, म्हणजे मिसळीचेच हवे; पण ते हॉटेलच्या ताटात आणि शक्यतो हॉटेलच्याच टेबलावर काढलेले हवे. कॅमेरा कोठे धरायचा हे पदार्थाच्या उंचीवर आणि थरांवर ठरते. थाळी, पिझ्झा, थालीपीठ असे पसरट पदार्थ सरळ वरून चांगले दिसतात. वडापाव किंवा उंच पेल्यातले पेय यांच्यासाठी कॅमेरा जवळजवळ टेबलाच्या पातळीला आणावा लागतो. मिसळ या दोहोंच्या मधली आहे. वरून पाहिली तर तर्री एक सपाट लाल चकती होते आणि फरसाणाची रास नाहीशी होते. कॅमेरा टेबलापासून साधारण ४५ अंशांवर, किंवा त्याहून थोडा खाली आणला, की खालची उसळ, वरचे फरसाण, कांदा आणि कडेला चमकणारी तर्री हे थर एकदम दिसू लागतात. प्रकाश खिडकीचा असेल, तर खिडकी तुमच्या पाठीशी न ठेवता ताटाच्या मागे किंवा मागच्या बाजूला तिरकी ठेवा. तेलाचा तवंग तिथूनच झळाळतो. पुढची बाजू काळी पडेल, तिथे थर्माकोलचा एक पांढरा तुकडा उभा करा. एवढे साहित्य पुरते.

या छायाचित्राची खरी परीक्षा वेळेची असते. रस्सा ओतल्यानंतर फरसाण काही मिनिटांत तर्री पिऊन मऊ पडते, तवंग पसरतो, कोथिंबीर मान टाकते. म्हणून आधी एक रिकामे ताट ठेवून चौकट, प्रकाश आणि फोकस पूर्ण ठरवून घ्यावा. त्यानंतरच खरे ताट मागवावे, रस्सा कडेने, फरसाणावर न पडेल असा, टेबलावरच ओतावा आणि कोथिंबीर सर्वांत शेवटी भुरभुरावी. ज्याने हजारो वेळा मिसळ वाढली आहे, त्या मालकाला फरसाण कुरकुरीत आहे की भिजलेले, हे छायाचित्रातही एका नजरेत कळते. बाकी कोणाला कळणार नाही कदाचित, पण निर्णय तोच घेणार आहे. आणि येथे एक सावधगिरी: चमक यावी म्हणून वरून वेगळे तेल फासणे, वाफ यावी म्हणून उदबत्तीचा धूर सोडणे, असले उपाय नमुन्यांत टाळा. छायाचित्रात दिसले ते ताटात आले नाही, तर गिऱ्हाईक छायाचित्रकाराला शोधत येत नाही. ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाशी भांडते, आणि अनुभवी मालकाला हे ठाऊक असते.

दुसरे छायाचित्र निवडताना बहुतेक जण चुकतात, कारण ते एकच पदार्थ दाखवतात आणि मालकाला तर सगळा मेनू हवा असतो. त्याला एक सुंदर छायाचित्र विकत घ्यायचे नाही. त्याला पंधरा-वीस पदार्थ एकसारखे दिसायला हवे आहेत. म्हणून दुसऱ्या जागी एक छायाचित्र न ठेवता सहा पदार्थांची एक चौकट ठेवा: दोन ओळी, प्रत्येकीत तीन, सारखेच अंतर, सारखाच कोन, सारखीच पार्श्वभूमी. यामुळे पाचाचा नियम मोडतो, असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. मालिका सांभाळता येते हे दाखवण्याचा दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. काढताना ट्रायपॉड एकदा रोवला की हलवायचा नाही, ताटाची जागा टेबलावर चिकटपट्टीच्या खुणांनी ठरवून ठेवायची आणि कॅमेऱ्याचा पांढऱ्या रंगाचा समतोल आपोआप बदलू न देता हाताने एकदाच पक्का करायचा. यातले काय बिघडले आहे, हे तपासण्याची साधी रीत अशी, की सहाही छायाचित्रे लहान करून शेजारी शेजारी लावावीत आणि पदार्थांकडे न पाहता फक्त ताटांच्या कडा पाहाव्यात. एक कड निळसर, दुसरी पिवळट दिसली, तर समतोल घसरला आहे. एका ताटाचा व्यास दुसऱ्यापेक्षा मोठा वाटला, तर कॅमेरा हलला आहे.

याच चौकटीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घरपोच सेवेच्या ॲपवर पदार्थाचे छायाचित्र बोटाच्या पेराएवढे दिसते आणि कडा कापल्या जातात. त्यामुळे प्रत्येक पदार्थ मध्यभागी असावा, चारी बाजूंनी थोडी जागा सुटलेली असावी आणि चौरस कापला तरी पापडाचे टोक तुटू नये. ही जागा सुटलेली दिसली, की तुम्ही हे काम पूर्वी केलेले आहे किंवा त्याचा नीट विचार तरी केलेला आहे, हे न सांगता कळते.

तिसऱ्या छायाचित्राबद्दल मी थोडा आग्रह धरणार आहे, कारण तुमच्या तिन्ही नमुन्यांत त्याचा मागमूस नाही. ते रात्रीचे, हॉटेलच्या आतले, हॉटेलच्याच दिव्यांतले हवे. घरच्या खिडकीपाशी सकाळी अकरा वाजता बहुतेकांना चांगले छायाचित्र काढता येते. मालकाची जागा मात्र बहुधा अरुंद असते. एका बाजूला पांढरी ट्यूब, टेबलावर पिवळा दिवा आणि रस्त्यावरून येणारा शेजारच्या दुकानाच्या पाटीचा हिरवा उजेड. अशा मिश्र प्रकाशात काढलेल्या ताटाची एक बाजू पिवळी आणि दुसरी हिरवट पडते, आणि हा दोष नंतर संगणकावर पुरता निघत नाही, कारण एक रंग सुधारला की दुसरा बिघडतो. उपाय जागेवरच करावा लागतो. ज्या टेबलावर काढायचे त्याच्या वरची ट्यूब मालकांना विचारून बंद करावी, एकाच जातीचा उजेड ठेवावा, तो कमी पडत असेल तर आपला एक दिवा पांढऱ्या कापडातून किंवा ट्रेसिंग कागदातून सोडावा आणि पहिल्या छायाचित्रात एक राखाडी कार्ड धरून त्यावरून रंग ठरवावा. मागच्या टेबलांवरचा पिवळा उजेड धूसर राहू द्यावा. तो जागेचा असतो, तो पुसला की हॉटेल दवाखान्यासारखे दिसते. हे एक छायाचित्र जमले, तर मालकाच्या मनातला ‘आमच्याकडे एवढी जागा नाही हो’ हा आक्षेप तो बोलण्याआधीच निकालात निघतो.

आता लग्नाच्या छायाचित्राचा प्रश्न. ते घालू नका. कितीही उत्तम असले तरी त्यामुळे ‘हा लग्नाचा फोटोग्राफर आहे, मधल्या काळात हेही करतो’ असाच समज होतो. परंतु लग्नांनी तुम्हाला जे शिकवले, ते घरी पाटीवर पदार्थ मांडणाऱ्यांकडे नसते: क्षण पुन्हा मिळणार नाही हे गृहीत धरून आधीच योग्य जागी उभे राहणे. ते चौथ्या छायाचित्रात वापरा. आचारी पळीने तर्री सोडतो आहे, धार अजून हवेत आहे. किंवा सकाळच्या गर्दीत वाढपी चार ताटे एका हातावर तोलत टेबलांमधून येतो आहे. येथे चेहरा नसला तरी चालतो, हात पुरतात; चेहरा असला तर त्या व्यक्तीची संमती आधी घ्या आणि ती व्हॉट्सॲपवर एका ओळीत तरी लेखी असू द्या. धारेसाठी शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास ठेवला तर थेंब गोठतात. थोडा कमी ठेवला तर धार रेशमासारखी लांबते. मला स्वतःला दुसरी जास्त खरी वाटते, पण हा आवडीचा भाग झाला.

पाचवे छायाचित्र उभे हवे आणि त्यात मुद्दाम मोकळी सोडलेली जागा हवी. ‘रविवार विशेष’ किंवा भाव लिहायचा असतो, वर नाव टाकायचे असते, दाराशी उभा फलक लावायचा असतो. पदार्थाने चौकट काठोकाठ भरली असेल तर हे काहीच करता येत नाही. वरचा तिसरा हिस्सा साधा, एकाच रंगाचा आणि फारसा तपशील नसलेला ठेवा. नमुन्यात तिथे काहीही लिहू नका. पुष्कळ जण दाखवण्यासाठी तिथे खोटे घोषवाक्य टाकतात. मग मालक छायाचित्र सोडून अक्षरांवर बोलू लागतो.

हे पाचवे छायाचित्र प्रत्येक मालकासाठी बदलावे, एवढेच मी सुचवेन. पहिली चार सर्वसाधारण हॉटेलांना चालतील. पाचवे त्या विशिष्ट मालकाच्या कामाशी जुळणारे असावे. ज्यांना पाठवायचे आहे त्यांचे गूगलवरचे पान आणि इन्स्टाग्राम आधी पाहा. तिथे पदार्थांची छायाचित्रे भरपूर असतील पण बसण्याच्या जागेचे एकही नसेल, तर पाचवे जागेचे ठेवा. मात्र त्यांच्याच जुन्या छायाचित्रांशी तुलना करून ‘आधी आणि नंतर’ असले काही पाठवू नका; ती छायाचित्रे बहुधा मालकांनी किंवा त्यांच्या मुलाने काढलेली असतात.

येवल्याच्या पैठणी विक्रेत्यांना यांतले एकही छायाचित्र पाठवू नये, असे मला ठामपणे वाटते. मिसळीचे छायाचित्र पाहून पैठणी कशी दिसेल याचा अंदाज कोणीही बांधू शकत नाही. शिवाय त्यांची भीती वेगळी आहे. हॉटेलात गिऱ्हाईक येऊन खाते. साडी मात्र परगावचे गिऱ्हाईक छायाचित्र पाहून मागवते आणि रंग वेगळा निघाला की परत पाठवते. म्हणून तिथे पहिल्या छायाचित्राचे काम भूक वाढवण्याचे नसून रंग खरा दाखवण्याचे आहे. हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या धूपछांव साडीला एकच एक रंग नसतोच. ती समोरून जांभळी आणि वळणावर लाल दिसते. अशी साडी सपाट पसरून काढली तर दोनांपैकी एकच रंग उरतो. तिला एक सैल चुणी द्या, म्हणजे वळणाच्या दोन्ही बाजूंना दोन्ही रंग दिसतील. आणि साडी कॅमेऱ्याच्या पडद्यावरून न तपासता, छायाचित्र फोनवर उघडून प्रत्यक्ष साडीशेजारी, दिवसाच्या उजेडात धरून तपासा.

जरीचे म्हणाल, तर ती आरशासारखी वागते. समोर जे असेल ते तिच्यात उमटते. समोर अंधारी खोली असेल तर सोनेरी काठ काळपट पडतो, आणि नेमका थेट फ्लॅश असेल तर पांढरे डाग पडतात. मोठी पांढरी चादर किंवा पांढरी भिंत जरीच्या समोर येईल अशी मांडणी केली, की सोने सोन्यासारखे दिसते. पदराच्या जवळच्या छायाचित्रासाठी मात्र प्रकाश बाजूने, कापडाच्या पातळीला जवळजवळ टेकलेला हवा. त्यामुळे विणीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो आणि मोराच्या पिसातला धागा न् धागा सुटा दिसतो.

या संचात मी एक छायाचित्र हमखास ठेवीन, ते म्हणजे पदराच्या उलट बाजूचे. हातमागावर विणलेल्या खऱ्या पैठणीच्या पदरावरची नक्षी मागून पाहिली तरी जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे, लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. दुकानात विक्रेता गिऱ्हाईकाला पदर उलटून दाखवतो, तो याचसाठी. पदराचा कोपरा अर्धा दुमडून एकाच चौकटीत पुढची आणि मागची बाजू घ्या. ज्या विक्रेत्याने ती हालचाल आयुष्यभर केली आहे, त्याला तुमच्या संचात ती दिसली की तुम्हाला त्याचा माल कळतो, हे त्याला पटवून द्यावे लागत नाही. उरलेल्या दोन जागा नेसलेल्या साडीला आणि ऑनलाइन विक्रीच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या छायाचित्राला द्याव्यात. पांढरे म्हणजे किती पांढरे, याचे प्रत्येक संकेतस्थळाचे नियम असतात. ॲमेझॉनवर मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी निखळ पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि छायाचित्र मोठे करून पाहता यावे यासाठी लांब बाजू निदान १,००० पिक्सेल हवी. एक छायाचित्र या नियमांत बसवून ठेवा आणि खाली तसे लिहा.

‘नाव सांगावे असा ग्राहक नाही’ हे तुम्ही उणीव म्हणून लिहिले आहे. मला ती फारशी मोठी वाटत नाही, कारण लहान हॉटेलांचे मालक आधीच्या ग्राहकांची नावे क्वचितच विचारतात. ओळखीच्या एखाद्या खानावळीत दुपारी तीन ते पाच या वेळेत, गर्दी नसताना, पदार्थांचे पैसे देऊन पहिली आणि दुसरी चौकट काढा. मग त्याच जागी संध्याकाळी दिवे लागल्यावर तिसरी. मात्र छायाचित्राखालच्या ओळीत स्पष्ट लिहा: ‘स्वतःच्या सरावासाठी केलेले काम’. एखाद्या नावाजलेल्या हॉटेलात जेवायला जाऊन काढलेले छायाचित्र त्यांच्या नावासकट नमुन्यांत ठेवणे म्हणजे न मिळालेले काम मिळाले असे भासवणे आहे, आणि एकाच शहरातले हॉटेलवाले एकमेकांना ओळखतात.

येथे कायद्याचाही एक मुद्दा येतो, जो पुष्कळ छायाचित्रकारांना उशिरा कळतो. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे असते. म्हणजे उद्या हे मिसळीचे काम मिळाले, तर ती छायाचित्रे पुढच्या संचात वापरण्याचा हक्क तुमच्याकडे आपोआप राहत नाही. भाव ठरवताना एक ओळ लेखी घ्या: ‘ही छायाचित्रे छायाचित्रकारास स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील.’ आधी विचारले तर क्वचितच कोणी नकार देते.

आता पाठवायचे कसे, याबद्दल. मालक तुमचा संच मोठ्या पडद्यावर पाहणार नाहीत. गल्ल्यावर बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत, काच तडकलेल्या फोनवर पाहतील. व्हॉट्सॲपवर पाच छायाचित्रे एकदम पाठवली, की त्यांचा एक चौकोनी गठ्ठा होतो. पहिली तीन स्वच्छ दिसतात, चौथ्यावर उरलेल्यांचा आकडा येतो आणि पाचवे दिसतच नाही. शिवाय छायाचित्रे दाबली जाऊन मऊ पडतात. त्यापेक्षा सहा पानांची एक पीडीएफ करावी, उभी, एका पानावर एक छायाचित्र, आणि ती दस्तऐवज म्हणून पाठवावी. आकार पाच एमबीच्या आत असला तर ती लगेच उघडते. फाइलला तुमचे नाव आणि कामाचा प्रकार द्या, कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तसाच ठेवू नका, कारण आठवड्याने मालक ती शोधू लागले तर त्यांना नावानेच शोधता येईल. पीडीएफसोबत सर्वांत बलवान एकच छायाचित्र सुटे पाठवा, म्हणजे फाइल उघडण्याआधीच काहीतरी दिसेल.

क्रम मी वर सांगितला तसाच ठेवा, फक्त रात्रीचे छायाचित्र खरोखर उत्तम जमले असेल तर ते दुसऱ्या जागी आणा. प्रत्येक पानाखाली एकच ओळ असावी आणि तिने छायाचित्रात न दिसणारी गोष्ट सांगावी. ‘झणझणीत मिसळ’ असे लिहून काही साधत नाही. ते दिसतेच आहे. ‘रात्री साडेआठ, हॉटेलच्याच दिव्यांत, एक टेबल वापरून’ ही ओळ उपयोगी आहे. ‘सहा पदार्थ, एका दुपारी, ॲपच्या चौरस मापात’ ही तर फारच उपयोगी आहे, कारण तिच्यातून मालक वेळेचा हिशेब करू शकतात. छायाचित्राच्या मध्यभागी स्वतःचे नाव आडवे टाकू नका. चोरीची भीती असेल तर लांब बाजू दीड हजार पिक्सेलपर्यंत खाली आणा, तेवढ्यावर मोठा फलक छापता येत नाही. सहाव्या पानावर तुमचे नाव, दूरध्वनी आणि अर्ध्या दिवसात साधारण किती पदार्थ काढून देता, ते किती दिवसांत मिळतात, एवढेच असावे. दर त्या पानावर लिहू नये, असे माझे मत आहे. दर पाहून लोक दराबद्दल बोलतात, आणि तुम्हाला आधी कामाबद्दल बोलायचे आहे. याबाबत दुसरे मत असणारेही पुष्कळ जाणकार आहेत आणि ज्यांना रोज वीस चौकशा येतात त्यांच्यासाठी ते बरोबरही असेल.

पाठवण्यापूर्वी संच एखाद्या हॉटेलवाल्याला किंवा निदान किराणा दुकानदाराला, फोनची चमक अर्धी करून, दुकानाच्या दारात उन्हात दाखवा. छायाचित्रकार मित्रांना दाखवू नका. ‘कसे वाटले’ असे न विचारता, ‘हा माणूस तुमच्याकडे आला तर काय करून देईल’ असे विचारा. ते ‘मेनूकार्ड करून देईल, रात्रीही काढेल’ असे म्हणाले तर संच पाठवायला हरकत नाही. ‘कॅमेरा चांगला दिसतो हो’ असे म्हणाले, तर निवड अजून तुमच्याच डोळ्यांनी झालेली आहे. बहुधा दुसरे किंवा तिसरे छायाचित्र कमकुवत आहे, ते आधी बदला.

आणि मालकांनी ‘आणखी आहेत का?’ असे विचारले, तर उरलेली पंचावन्न पाठवू नका. ज्या दुपारी दुसरी चौकट काढली, त्याच बैठकीतली आणखी आठ-दहा छायाचित्रे तयार ठेवा आणि तेवढीच द्या. ‘आणखी’ म्हणताना त्यांना पाहायचे असते ते हेच, की पहिली सहा नशिबाने जमली होती की पुढचीही तशीच आहेत. जमल्यास त्याच निरोपात त्यांच्या हॉटेलात गर्दी नसते ती वेळ कोणती, एवढे विचारा आणि एक पदार्थ तिथेच, त्यांच्यासमोर काढून दाखवण्याची तयारी कळवा.